परातीला दोन टाळ्या

जूनमध्ये पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळा एप्रिलमध्येच एकदा उघडते. व्हरांड्यात टेबलं मांडली जातात, पताका लावतात, आणि पाच-साडेपाच वर्षांची मुलं आईचा पदर धरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. कुठे उडी मारून दाखवायची असते, कुठे कागदाला घडी घालायची, कुठे चित्र पाहून दोन वाक्यं बोलायची, तर कुठे मणी मोजायचे. 2022 पासून राज्यभरच्या शाळांत होऊ लागलेल्या या मेळाव्याला ‘पहिले पाऊल’ म्हणतात. सरकारी कागदांत त्याचं नाव शाळापूर्व तयारी अभियान. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, समग्र शिक्षा, एकात्मिक बालविकास सेवा योजना आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून ते उभं केलं. करोनाच्या काळात मार्च 2020 पासून अंगणवाड्यांची दारं बंद होती. त्यामुळे 2022 मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी अंगणवाडी जेमतेमच पाहिली होती. या अभियानाची निकड तिथून आली.

मेळाव्यात सात केंद्रं असतात. नावनोंदणीपासून सुरुवात होते, मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारी अशी मधली केंद्रं येतात. शेवटचं सातवं केंद्र मुलाचं नसतं, आईचं असतं. तिथे मुलाचं विकासपत्र आईला समजावून सांगतात आणि तिच्या हातात काही कार्डं देतात. त्यांना सगळे ‘आयडिया कार्ड’च म्हणतात. त्यांवर अक्षरं थोडी आणि चित्रं जास्त. वाट्या, चमचे, कांदे-बटाटे, बांगड्या, पानं, खडे अशा घरात सापडणाऱ्या वस्तूंनी मुलाशी काय खेळायचं, ते त्यांवर असतं. मग शाळा उघडेपर्यंतचे आठवडे वस्तीतल्या चार-सहा आया मिळून गट करतात. त्यांतली एक लीडर माता होते आणि तिच्या मोबाइलवर दर आठवड्याला नवा व्हिडिओ येतो. शाळा उघडताना दुसरा मेळावा भरतो आणि तीच टेबलं पुन्हा लागतात.

मला या सगळ्यात ते कार्ड महत्त्वाचं वाटतं. मेळावा एका दिवसात आटोपतो आणि व्हिडिओ मोबाइल घरात असेल तेव्हाच दिसतो. कार्ड मात्र भिंतीला, फळीला किंवा देवळीत राहतं. पण राहतं म्हणजे वापरलं जातंच असं नाही. ते वापरलं जाईल की नाही हे तपशिलांवर ठरतं, आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात ते तपशील फार बोलके आहेत. अकोल्यातून 1 जुलै 1998 रोजी वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा आहे. नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे गेले, त्यांत वाशिम होता. इथल्या अनेक घरांत घरातली भाषा आणि शाळेतली भाषा एक नसते. कार्ड घेणारी बाई कधी सातवी शिकलेली असते, कधी दोन इयत्ता, कधी काहीच नाही.

सर्वांत साध्या कृतीपासून सुरुवात करू. धान्य वेगळं करण्याचा खेळ कुठल्याही संचात सापडतोच. चित्रात एक मूल बसलेलं असतं, पुढे मिसळलेलं धान्य आणि दोन वाट्या. समजा, रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावात साडेपाच वर्षांच्या मुलाची आई हे कार्ड घेऊन बसली. ती कडधान्याच्या डब्यातून मूठभर हरभरा आणि मूठभर मूग काढते, ताटात मिसळते आणि मुलापुढे ठेवते. पाच मिनिटांत मूल उठून जातं. आईला वाटतं, याचं लक्ष नाही. खरं तर मुठीमुठीने धान्य घेतलं की खेळाचं निवडण होतं, आणि निवडण हे मोठ्यांचंही कंटाळवाणं काम आहे. प्रत्येकी दहा-बारा दाणे पुरतात. काम संपताना दिसलं पाहिजे, कारण संपल्यावर जे बोलणं होतं त्यातच खरा खेळ आहे.

दाणे वेगळे झाल्यावर बहुतेक घरांत आई म्हणते, “शाब्बास”, आणि ताट उचलते. कार्डाने तिच्याकडून याच्या पुढचा प्रश्न विचारून घ्यायला हवा: “सांग बरं, हे इकडं काऊन टाकलं?” मूल म्हणेल, “हे मोठं हाये.” किंवा म्हणेल, “हे हिरवं हाये.” इथे मूल पहिल्यांदा आपल्या हाताने केलेल्या गोष्टीचं कारण शब्दांत मांडतं. मग तेच दाणे पुन्हा मिसळायचे आणि म्हणायचं, “आता दुसऱ्या तऱ्हेनं कर.” आधी रंगावरून वेगळे केले असतील तर आता आकारावरून. त्यासाठी ताटात तिसरं धान्य लागतं. हरभरा, मूग आणि तूर असले की मोठं-लहान अशी वाटणी एक होते आणि हिरवं-बिनहिरवं अशी दुसरी. एकाच वस्तूकडे दोन नियमांनी पाहता येतं, हे मुलाला इथे कळतं. पुढे पहिलीच्या वर्गात गणिताचं आणि भाषेचं बरंच काम यावर उभं राहतं. तिसऱ्या फेरीत मुलाने स्वतः नियम करायचा आणि आईने तो ओळखायचा. मुलांना ही फेरी फार आवडते, कारण चुकण्याची पाळी आता आईवर येते.

मूल अजून तयार नसेल तर तेही दिसतं. समोरच्या वाटीत सगळेच दाणे जायला लागले, किंवा सुरुवात नियमाने झाली आणि मध्येच नियम सुटला, तर तीन धान्यांवरून दोनांवर यायचं. ती दोन अगदी वेगळी निवडायची. हरभरा आणि मूग चालतील, तूर आणि हरभऱ्याची डाळ चालणार नाही. आईचा हात मध्ये येऊन दाणा उचलून बरोबर वाटीत ठेवू लागला, की खेळ आईचा झाला असं समजावं. मोठी बहीण शेजारी बसली असेल तर हे हमखास घडतं, म्हणून तिला वेगळं काम द्यावं. ताटात काय घालायचं ते ती ठरवील.

कार्डावर एक इशारा मात्र हवाच, आणि वाशिममध्ये तो दुप्पट ठळक हवा. पहिली गोष्ट, तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर सुटे दाणे नकोत. हरभरा किंवा सोयाबीन नाकात, कानात गेलं तर ओलाव्याने फुगतं आणि घशात गेलं तर श्वास अडतो. तिथे दाण्यांऐवजी कांदे, लिंबं, चमचे, वाट्या घ्याव्यात. दुसरी गोष्ट खास इथली आहे. हे कार्ड घरात असतं एप्रिल ते जून, आणि सोयाबीनचं बियाणं घरात येतं तेही याच दिवसांत. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं लाल-गुलाबी दिसतं. मुलाला ते रंगीत मण्यांसारखं वाटणार आणि आईलाही वाटेल की खेळायला छान आहे. त्या रंगात बुरशीनाशक असतं. घरी प्रक्रिया केलेलं बियाणं तर कधीकधी रंगावरून ओळखूही येत नाही. म्हणून नियम इतका साधा हवा की वाचावा लागू नये: धान्य घ्यायचं ते स्वयंपाकाच्या डब्यातूनच, पेरणीच्या थैलीतून कधीच नाही. कार्डावर डब्याचं चित्र काढलं आणि शेजारी थैलीवर आडवा हात धरलेली बाई काढली तर हे सांगता येईल. थैलीवर नुसती फुली मारून भागणार नाही.

फुली का नको, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कमी शिकलेल्या पालकांसाठी कार्ड करणारे लोक इथेच सर्वांत जास्त अडखळतात. चित्र सगळ्यांना कळतं असं आपण धरून चालतो. 1976 मध्ये नेपाळमध्ये डायना फसेल आणि आने हालांड यांनी युनिसेफसाठी खेड्यातल्या शेकडो लोकांना वेगवेगळी चित्रं दाखवली. चित्र वाचणं हेही शिकावं लागतं, असं त्यांना दिसलं. ओळीने मांडलेली चित्रं डावीकडून उजवीकडे एकामागोमाग घडणाऱ्या गोष्टी दाखवतात, हे न वाचणाऱ्या माणसाला आपोआप उमगत नाही. बरोबरची खूण आणि फुली या वहीतल्या खुणा आहेत. ज्याच्या हातात वही पडली नाही त्याला त्या रेघाच वाटतात. कुठला भाग मोठा करून काढला तर ती वस्तू खरोखरच तेवढी मोठी आहे, असा समज होऊ शकतो.

हे सगळं आपल्या कार्डाला लागू आहे. नुसता हात काढून बाण दाखवण्यापेक्षा अख्खी बाई आणि अख्खं मूल काढावं. एका कार्डावर एकच प्रसंग असावा. तीन पायऱ्या असतील तर तीन कार्डं करावीत, नाहीतर पायऱ्या वरून खाली लावून प्रत्येकीवर एक, दोन, तीन दाणे काढावेत. बाई इथल्या बाईसारखी दिसावी, तिचं लुगडं किंवा साडी, चूल किंवा गॅस, ताट आणि भांडी ओळखीची असावीत. अन् छापण्याआधी ते कार्ड चार घरांत न बोलता हातात द्यावं आणि विचारावं, “यात काय चाललंय?” चित्रकाराच्या मनातलं उत्तर चारांपैकी तीन घरांतून आलं नाही, तर चित्र पुन्हा काढावं. या एका दिवसाच्या कामाने छपाईचे पैसे वाचतात.

शब्द कमी असण्याचा एक फायदा मात्र वाशिममध्ये विशेष आहे. पुण्यात लिहिलेलं ‘पातेलं’ वऱ्हाडात ‘गंज’ असतं. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या आसपास आणि जिल्हाभर बंजारा तांडे आहेत आणि तिथल्या घरांत आई मुलाशी गोरमाटीत बोलते. कार्डावर मराठी वाक्यं छापली की ती आई मुलाशी मराठीत बोलायला धडपडते, अडखळते आणि थोड्या वेळाने थांबते. चित्रावर शब्द नसले तर ती आपल्या भाषेत मोकळेपणाने विचारते. पाच वर्षांच्या मुलाने कारण सांगायला शिकायचंय, ते कुठल्याही भाषेत शिकता येतं. मराठी शब्द शाळेत येतीलच. म्हणून कार्ड देताना “मराठीत बोला” हे सांगू नये. उलट, “तुमच्या बोलीत बोला” हे तोंडाने सांगावं, कारण ते कार्डावर लिहून उपयोग नाही.

भाषेच्या कृतींपैकी एक मला फार मोलाची वाटते. तिच्यात वाचता न येणारी आई वाचता येणाऱ्या आईपेक्षा पुढे असते. शब्दाला टाळ्या वाजवायचा हा खेळ आहे. स्वयंपाकघरातली वस्तू उचलायची, तिचं नाव हळू म्हणायचं आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवायच्या. वाटी: वा-टी, दोन. कोथिंबीर: को-थिं-बीर, तीन. आता परात घ्या. शिकलेली आई ‘प, रा, त’ म्हणून तीन टाळ्या वाजवते, कारण तिच्या डोळ्यांपुढे तीन अक्षरं उभी राहतात. न शिकलेली आई ‘प-रात’ म्हणते आणि दोन वाजवते. तिचं बरोबर आहे. तोंडातून दोनच तुकडे बाहेर पडतात. पाटाला तर एकच टाळी, चुलीला एकच, लसणीला दोन. भाकरीला कुणी तीन वाजवील, कुणी दोन, कारण बोलताना आपण बहुतेक ‘भाक्री’ म्हणतो. दोन्ही चालतं, वाद घालू नये.

या खेळाचा वाचनाशी संबंध सरळ आहे. ऐकू येणाऱ्या शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करता आले, तरच पुढे फळ्यावरचं अक्षर त्या तुकड्याला चिकटतं. तुकडा कानाला माहीत नसेल तर मूल बाराखडी सुरात म्हणून दाखवतं, आणि ‘का’ कुठे आहे विचारलं की गप्प बसतं. टाळ्या जमल्या की पुढची पायरी पहिल्या तुकड्याची. आई म्हणते, “पाणी. आता पा-पासून तू सांग.” मूल म्हणतं पापड, पाट, पाय. या खेळात आधी लांबलचक वेगळे तुकडे घ्यावेत: पा, का, मो. नुसता ‘प’ किंवा ‘त’ पाच वर्षांच्या कानाला निसटता वाटतो. मूल ‘पा’पासून ‘तांब्या’ म्हणालं, तर ते अर्थावर खेळतंय असं समजावं. पाण्यावरून त्याला तांब्या आठवला. त्याला चूक म्हणू नये. आईने तोंड मोठं उघडून पुन्हा म्हणावं: पा-णी, पा-पड, आणि थांबावं. हा खेळ भाकरी थापताना होतो, शेतात जाताना होतो, त्याला वेगळा वेळ लागत नाही. आठवडाभर रोज थोडा झाला तर दोन टाळ्यांचे आणि तीन टाळ्यांचे शब्द मूल आपणहून वेगळे करू लागतं.

मोजण्याच्या कार्डांबद्दल माझी तक्रार आहे. बहुतेक संचांत मोजणं म्हणजे आकडे म्हणणं झालं आहे. मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं, आई खूश होते, लीडर माता खूश होते. पण तेवढ्यावरून काहीच कळत नाही. कळतं ते जेवणाच्या वेळी. “पाच जण आहेत, पाच ताटं आण.” मूल ताटं आणतं, एक-एक माणसासमोर ठेवतं आणि एक उरतं किंवा कमी पडतं. एका माणसाला एक ताट ही जुळणी मोजण्याच्या आधीची आहे. ती पक्की असेल तर पुढचा प्रश्न विचारावा. मुलाने ताटं मोजली, एक, दोन, तीन, चार, पाच, की लगेच विचारावं: “किती आहेत?” मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याच्याकडून वीसपर्यंत म्हणून घेण्यात अर्थ नाही, तीनपर्यंतच राहावं. “तीन चमचे दे” म्हटल्यावर ते नेमके तीन देतं का, हे पाहावं. मूठभर चमचे देत असेल तर दोनवर यावं. हे तपासायला आईला लिहिता-वाचता यावं लागत नाही, ताट वाढता आलं की पुरे. म्हणून कार्डावर एक ते दहा अंक छापण्याऐवजी ताटांसमोर बसलेलं कुटुंब काढावं असं मला वाटतं.

घरातल्या वस्तूंनी शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे हे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं आणि काड्या वर्गात आणल्या, आणि अंगण हीच बालवाडीची जागा केली. आजच्या कार्डातले खडे आणि पानं त्याच वळणाची आहेत. फरक इतकाच की तिथे शेजारी शिकलेली बाई असायची आणि इथे आईच्या हातात कागद आहे. त्या कागदामागे माणूस किती वेळा येतो, हा प्रश्न म्हणून जास्त महत्त्वाचा होतो.

याचं एक मोजलेलं उत्तर जमैकातून मिळतं. किंगस्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात गरीब घरांतल्या खुरटलेल्या बाळांच्या आयांकडे दर आठवड्याला तासभर गृहभेटी दिल्या. आरोग्यसेविका घरात केलेली साधी खेळणी घेऊन जायच्या आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला लावायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. हा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासाची मला जास्त आठवण ठेवावीशी वाटते. भेट महिन्यातून एकदा झाली तर मुलांत फारसा फरक पडला नाही, पंधरवड्याला झाली तर थोडा पडला आणि आठवड्याला झाली तर ठळक पडला. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा लहान होती आणि तिथे पगारी सेविका घरी जात होती, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही कार्ड एकदा देऊन थांबणं म्हणजे महिन्याच्या भेटीपेक्षाही कमी, हे लक्षात घ्यावं लागतं. ‘पहिले पाऊल’मध्ये आठवड्याच्या भेटीची जागा मातांच्या गटाला दिली आहे. गट दर आठवड्याला खरोखर बसतो का, यावर कार्डाचं काम उभं राहतं किंवा पडतं.

वाशिममध्ये गट मोडतो तो साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कागदावर यामुळे आयांना आठवडा-दोन आठवडे जास्त मिळतात. पण त्याच सुमारास पाऊस येतो, पेरणी सुरू होते, आणि लीडर मातेसकट सगळ्या जणी शेतात असतात. ज्या आठवड्यांत मूल शाळेच्या सर्वांत जवळ असतं, त्याच आठवड्यांत घर रिकामं असतं. मूल आजीजवळ असतं किंवा बांधावर. कार्डांचा क्रम यावरून लावला पाहिजे. धान्य, ताटं, घड्या अशी बसून करायची कार्डं एप्रिल-मेमध्ये संपवावीत. जूनसाठी हात न लागणारी कार्डं ठेवावीत: टाळ्यांचा खेळ, पहिल्या तुकड्याचा खेळ, “काल आपण काय-काय केलं” हे क्रमाने सांगायला लावणं. ही आजीला जमतात, कारण त्यांना चष्मा लागत नाही आणि काही मांडावं लागत नाही. आजीसाठी वेगळी बैठक मात्र घ्यावी लागेल. आतापर्यंत गट मातांचे झाले आणि आजी दारात बसून ऐकत राहिली. तिला गोष्टी येतात, उखाणे येतात, पण “मधे थांबून पुढं काय झालं असंल, ते पोराला विचारा” हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मानोऱ्याच्या तांड्यात ती बैठक गोरमाटीत व्हावी आणि अंगणवाडी सेविकेने घ्यावी. सेविका बहुधा त्याच वस्तीतली असते, तिला भाषा येते आणि घरंही माहीत असतात.

दुसऱ्या मेळाव्यात मग विकासपत्र पुन्हा भरलं जातं. पहिलीच्या शिक्षकाने ते फाइलला लावण्याआधी दोन गोष्टी त्यातून वेगळ्या काढून घ्याव्यात: कोणतं मूल कारण सांगतं आणि कोणतं अजून गप्प आहे, आणि “तीन दे” म्हटल्यावर कोण मूठभर देतं. गप्प असलेल्या मुलांत गोरमाटी बोलणारं कोण आहे, हे आईला विचारावं. तिच्याशी ते घरी भरभरून बोलत असेल तर वर्गात पहिले काही आठवडे त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देऊ द्यावं. आईशीही ते गप्पच असेल तर श्रवणतपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे त्याचं नाव द्यावं. ते पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं.